पत्रकावर 46, हिशेबात 92

समोर एका नियोजन-पत्रकाचा फोटो आहे. कागद तिरपा धरलाय, उजवी कड फोटोत आलेली नाही, पण मजकूर वाचता येतो. माणसांचे दोन गट करायचे, एकाला नवं औषध द्यायचं, दुसऱ्याला नेहमीचं. 8 आठवड्यांनी प्रत्येकाचा वरचा रक्तदाब मोजायचा आणि दोन्ही गटांच्या सरासरींची तुलना करायची. त्याखाली हाताने लिहिलेले आकडे आहेत: Δ = 5, मग σ = 12 आणि त्यापुढे ‘पायलट, 10 जण’. पुढच्या ओळीत α = 0.05, power = 0.80. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: n = 46.

असा कागद हाती आला की नजर थेट शेवटच्या आकड्यावर जाते, आणि चर्चा सुरू होते ती 46 माणसं कुठून आणायची याची. पण तो 46 वरच्या चार आकड्यांतून खरंच निघतो का, हे आधी पाहायला हवं. त्याला साधा कॅल्क्युलेटर पुरतो. इथे तो निघत नाही, आणि का निघत नाही हे शोधताना पॉवरचं सगळं गणित उलगडतं.

आधी चार आकडे काय म्हणतात ते पाहू. Δ म्हणजे जो फरक निसटू द्यायचा नाही तो: नव्या औषधाने सरासरी रक्तदाब 5 मिलिमीटर पाऱ्याने जास्त उतरत असेल, तर ते आपल्याला कळायला हवं. σ म्हणजे प्रमाण विचलन, एकाच गटातल्या माणसांचे रक्तदाब आपसांत किती विखुरलेले आहेत त्याचं माप. इथे ते पायलटमधून, म्हणजे मुख्य अभ्यासाआधी थोड्या माणसांवर केलेल्या चाचपणीतून, घेतलंय. α = 0.05 म्हणजे औषधांत काहीच फरक नसताना ‘फरक आहे’ असं चुकून जाहीर करण्याची शक्यता आपण 5 टक्क्यांवर बांधून टाकली. आणि पॉवर 0.80 म्हणजे खरोखर 5 चा फरक असेल, तर अभ्यास तो पकडेल याची शक्यता 80 टक्के. उरलेल्या 20 टक्क्यांत फरक असूनही आपण रिकाम्या हाताने परतणार, हे पत्रकाने आधीच मान्य केलेलं आहे.

आता कल्पना करा की हाच अभ्यास पुन्हा पुन्हा, हजारो वेळा केला. दर वेळी माणसं वेगळी, म्हणून दोन सरासरींमधला फरकही दर वेळी वेगळा येणार: कधी 3.8, कधी 6.1, कधी 4.7. हे उत्तर किती हलतं, त्याच्या मापाला प्रमाण त्रुटी म्हणतात. एका गटात n माणसं असतील, तर त्या गटाच्या सरासरीचं विचरण, म्हणजे तिच्या प्रमाण त्रुटीचा वर्ग, σ²/n असतं. पण आपण दोन सरासरींची वजाबाकी करतोय, आणि दोन्ही सरासरी आपापल्या परीने हलतात. वजाबाकी केली म्हणून त्यांचं हलणं वजा होत नाही, विचरणांची बेरीजच होते. म्हणून फरकाचं विचरण 2σ²/n, आणि प्रमाण त्रुटी σ√(2/n). त्या वर्गमुळातल्या 2 वर लक्ष ठेवा, पुढे सगळा घोळ तिथेच आहे.

चाचणी प्रत्यक्षात काय करते? शून्यापासून काही अंतरावर एक रेघ मारते. मिळालेला फरक रेघेच्या पलीकडे पडला, तर तो सार्थक, अलीकडे राहिला तर नाही. α = 0.05 असेल आणि फरक दोन्हीपैकी कोणत्याही दिशेने चालणार असेल, तर ही रेघ शून्यापासून 1.96 प्रमाण त्रुटींवर येते. आता खरा फरक Δ आहे असं धरा. मग अभ्यासाची उत्तरं Δ च्या भोवती पसरतील. त्यातली 80 टक्के रेघेच्या पलीकडे पडायला हवी असतील, तर Δ हा रेघेच्याही पुढे 0.84 प्रमाण त्रुटी असायला हवा. दोन अंतरं जोडली की झालं: शून्यापासून रेघेपर्यंत 1.96, रेघेपासून Δ पर्यंत 0.84, एकूण 2.80.

म्हणजे नमुन्याच्या आकाराचा सगळा प्रश्न एवढाच उरतो: प्रमाण त्रुटी इतकी लहान करा, की 5 मध्ये ती 2.80 वेळा मावेल. 5 भागिले 2.80 म्हणजे साधारण 1.79. तेव्हा σ√(2/n) हे 1.79 च्या आसपास हवं. यातून n सोडवला की पुस्तकांत असतं ते सूत्र मिळतं:

```
n = 2 × (1.96 + 0.84)² × (σ/Δ)²
```

हा n प्रत्येक गटातला आहे. आकडे घालू. 2.80 चा वर्ग साधारण 7.85. σ/Δ म्हणजे 12/5 = 2.4, त्याचा वर्ग 5.76. तिन्हींचा गुणाकार 90.4. σ आपल्याला नेमका माहीत नसतो, तो अभ्यासाच्याच आकड्यांतून काढावा लागतो, म्हणून टी-चाचणी वापरतात आणि त्यासाठी गटामागे साधारण एक माणूस वाढतो. R या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत ही एक ओळ चालवली तर ते आपोआप धरलं जातं:

```
power.t.test(delta = 5, sd = 12, sig.level = 0.05, power = 0.80)
```

उत्तर 91.4 च्या आसपास येतं. माणसं पूर्णांकात मिळतात आणि पूर्णांक नेहमी वरचा घ्यायचा, म्हणून प्रत्येक गटात 92, एकूण 184.

मग 46 आला कुठून? अशा वेळी माझी पद्धत साधी आहे: कोणती चूक केली तर नेमका हाच आकडा येतो, ते एकेक करून तपासायचं. लिहिणाऱ्याने एकाच दिशेची चाचणी धरली असेल का? मग 1.96 च्या जागी 1.645 येतं आणि गटामागे 72 माणसं लागतात. जुळत नाही. पॉवर कमी धरली म्हणावं, तर कागदावर 0.80 स्पष्ट लिहिलंय. आता सूत्रातला सुरुवातीचा 2 काढून टाका. 7.85 × 5.76 = 45.2, वरचा पूर्णांक 46. सापडलं. हे सूत्र खोटं नाही, फक्त वेगळ्या अभ्यासाचं आहे: एकाच गटाची सरासरी आधीपासून पक्क्या माहीत असलेल्या आकड्याशी ताडायची असेल तेव्हाचं. तिथे एकच सरासरी हलते, समोरचा आकडा स्थिर असतो, म्हणून 2 लागत नाही. त्याच माणसांची आधी आणि नंतर अशी जोडीने मोजणी करतानाही हेच सूत्र वापरतात, पण तिथे σ हा फरकांचा घ्यावा लागतो. दोन स्वतंत्र गट असतील, तर 2 गाळता येत नाही.

एका 2 ने एवढं काय बिघडणार, असं वाटू शकतं. प्रत्येक गटात 46 माणसं घेऊन अभ्यास केला असं धरू. प्रमाण त्रुटी 12 × √(2/46), म्हणजे 2.5. रेघ 1.96 × 2.5 वर, म्हणजे 4.9 वर. खरा फरक 5. रेघ जवळजवळ खऱ्या फरकावरच येऊन बसली! मग निम्मी उत्तरं रेघेच्या अलीकडे पडणार आणि निम्मी पलीकडे. संगणक पॉवर 0.51 सांगतो. कागदावर 80 टक्के लिहिलेला अभ्यास प्रत्यक्षात छापा-काट्यावर आला. माणसं निम्मी झाल्यावर पॉवर 40 झाली नाही, 51 झाली, याचं कारण पॉवर सरळ प्रमाणात घटत नाही. ती रेघ कुठे सरकते यावर ठरते.

याचा दुसरा परिणाम कमी लोकांच्या लक्षात येतो, आणि मला तो जास्त वाईट वाटतो. समजा नशीब बरं होतं आणि 46-46 च्या अभ्यासात सार्थक उत्तर आलं. सार्थक आलं याचा अर्थ मिळालेला फरक 4.9 पेक्षा मोठा होता. रेघेखालची सगळी उत्तरं आपोआप गाळली गेली. जी उरली त्यांची सरासरी काढली तर ती 5 येत नाही, 6.9 च्या आसपास येते. म्हणजे अभ्यास यशस्वी ठरला तरी औषधाचा परिणाम तो सरासरीने खऱ्यापेक्षा जवळपास दोन मिलिमीटरने फुगवून सांगतो. कोणी आकड्यांत फेरफार केलेला नसतो, हिशेब करणाऱ्याचाही दोष नसतो. रेघ उंच होती, एवढंच कारण. पुढच्या अभ्यासाचं नियोजन करणारा हाच 6.9 त्याच्या पत्रकावर Δ म्हणून लिहितो, आणि त्याचा अभ्यास आणखी लहान होतो.

92-92 मध्ये हेच चित्र कसं दिसतं? प्रमाण त्रुटी 1.77, रेघ 3.5 वर. इथे एक गैरसमज हटकून भेटतो: ‘आपण 5 साठी नियोजन केलंय, म्हणजे 5 किंवा जास्त फरक आला तरच सार्थक.’ तसं नाही. 3.5 च्या पलीकडचं सगळं सार्थक ठरेल. 5 हे खऱ्या फरकाबद्दलचं गृहीतक आहे, मिळणाऱ्या उत्तराची अट नव्हे. मिळालेलं उत्तर 5 हून मोठंच यायला हवं असा हट्ट धरला, तर खरा फरक 5 असतानाही निम्म्या वेळा निराशा होईल, मग n कितीही वाढवा.

आता पुन्हा फोटोकडे. त्यात कड कापली गेलीय ती नेमकी n च्या ओळीत, आणि 46 नंतर ‘प्रत्येकी’ होतं की ‘एकूण’, ते कळत नाही. एकूण असेल, तर गटात 23 माणसं आणि पॉवर 28 टक्के. असा अभ्यास सुरूच करू नये. n कोणाचा हे शब्दांत लिहिलेलं नसेल, तर पत्रक अपुरं समजावं, आणि फोटो पाठवणाऱ्याकडे मूळ कागद मागावा. σ = 12 हेही एकदा पारखून घ्यावं. हस्ताक्षरातला 12 कधी 1.2 वाचला जातो, आणि छापील निबंधांत सरासरीपुढे ± टाकून दिलेला आकडा प्रमाण विचलन नसून प्रमाण त्रुटी असतो, हे तर वारंवार घडतं. या पायलटमध्ये 10 जण होते, म्हणून त्यांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी 12/√10, म्हणजे 3.8. कोणी तो 3.8 उचलून σ च्या जागी लिहिला असता, तर गटामागे दहा-अकरा माणसांत काम भागतं असं उत्तर आलं असतं. रक्तदाबात 5 चा फरक दाखवायला अकरा माणसं पुरतात असं कोणी सांगितलं, तर हिशेब उघडून पाहण्याआधीच शंका यायला हवी.

पण σ चा खरा प्रश्न वाचण्याचा नाही. तो ‘पायलट, 10 जण’ या शब्दांत आहे. 10 माणसांवरून काढलेलं प्रमाण विचलन स्वतःच फार डळमळीत असतं. रक्तदाब सामान्य वितरणाला धरून आहे असं मानलं, तर 10 जणांतून आलेल्या 12 मागे खरा σ 8.3 ते 21.9 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो, 95 टक्के खात्रीच्या हिशेबाने. सूत्रात σ चा वर्ग येतो, त्यामुळे हा पसारा आणखी फुगतो: 8.3 धरलात तर गटामागे 45 माणसं, 21.9 धरलात तर तीनशेच्या वर. आणि पत्रकावर मात्र 46 असा नेमका आकडा, तोही दोनदा अधोरेखित.

यावर उपाय काय? एक म्हणजे σ आणखी कुठून मिळतो का ते पाहणं. अशाच वयाच्या, अशाच आजाराच्या माणसांवर झालेल्या मोठ्या अभ्यासांतलं प्रमाण विचलन बहुधा 10 जणांच्या पायलटपेक्षा जास्त भरवशाचं असतं. ते मिळालं नाही, तर पायलटचा 12 जसाच्या तसा न घेता त्याची जरा वरची मर्यादा घ्यायची. σ या मर्यादेच्या खालीच आहे असं 80 टक्के खात्रीने म्हणता यावं, अशी मर्यादा घेण्याची एक रीत आहे. 10 जणांसाठी ती 12 × 1.29, म्हणजे 15.5 येते, आणि तिने गटामागे 153 माणसं लागतात. 92 वरून 153 ही उडी टोचते खरी, पण लहान पायलटचं अज्ञान महागच पडतं, आणि ते नियोजनात मोजलं नाही तर निकालात मोजावं लागतं. तिसरा मार्ग म्हणजे अभ्यासाच्या मध्यावर, कोण कोणत्या गटात आहे हे न उघडता, सगळ्यांचा मिळून σ पुन्हा काढायचा आणि गरज पडली तर माणसं वाढवायची. मात्र असं करणार हे आराखड्यात आधीच लिहिलेलं हवं.

Δ बद्दल थोडक्यात. तो निम्मा केला, 5 चा 2.5 केला, की n चौपट होतो: 92 च्या जागी 363. म्हणून माणसं कमी पडू लागली की Δ हळूच वाढवण्याचा मोह होतो, आणि पत्रकावर 5 च्या जागी 7 दिसू लागतो. Δ औषधाकडून आपल्याला काय अपेक्षा आहे यावर ठरवू नये, पायलटमध्ये काय दिसलं यावर तर मुळीच नाही. किती फरक पडला तर डॉक्टर आपलं नेहमीचं औषध बदलतील, हा प्रश्न त्याच्यामागे असायला हवा. या पत्रकावर 5 कुठून आला ते लिहिलेलं नाही. तेही विचारून घ्यायला हवं.

गळतीची ओळ तर पत्रकावर मुळातच नाही. 8 आठवड्यांत काही जण येणं थांबवतील. 20 टक्के गळती धरली, तर 92 ला 1.2 ने गुणून 111 काढणं ही सर्रास होणारी चूक आहे. 111 जणांतून 20 टक्के गेले की 88-89 उरतात. 0.8 ने भागायचं असतं: 92/0.8 = 115.

आता समजा, हे सगळं ऐकल्यावर अभ्यास करणाऱ्यांनी सांगितलं की काहीही झालं तरी गटामागे शेवटपर्यंत टिकणारी 60 माणसंच मिळतील. मग गणित उलट दिशेने चालवायचं. प्रमाण त्रुटी 12 × √(2/60) = 2.19. 5 साठी पॉवर सुमारे 62 टक्के, आणि 80 टक्के पॉवरने पकडता येईल असा सगळ्यात लहान फरक 6.2. हे दोन आकडे पत्रकावर उघड लिहावेत, मग ठरवणाऱ्यांनी ठरवावं.

मात्र ठरवण्याआधी एक वाट पाहून घ्यावी. रक्तदाब औषध सुरू करण्याआधीही मोजणार असाल आणि विश्लेषणात तो सुरुवातीचा आकडा हिशेबात घेणार असाल, तर शेवटच्या आकड्यांतला जो विखुरलेपणा सुरुवातीच्या आकड्यांवरून समजतो तो वजा होतो. दोन मोजमापांमधला सहसंबंध ρ असेल, तर विचरण 1 − ρ² पट उरतं. ρ = 0.6 असेल, तर 0.64 पट. तेव्हा 60 माणसं 60/0.64, म्हणजे जवळपास 94 माणसांचं काम करतात आणि पॉवर 80 टक्क्यांवर परत येते. एकही माणूस न वाढवता. त्यासाठी पत्रकावरचा 12 हा 8 आठवड्यांनंतरच्या रक्तदाबाचा विखुरलेपणा असायला हवा. तो जर प्रत्येकाच्या रक्तदाबातल्या बदलाचा विखुरलेपणा असेल, तर सुरुवातीच्या मोजमापाचा फायदा त्यात बराचसा आधीच आलेला आहे, आणि तोच पुन्हा धरता येत नाही. तसं असेल तर ρ = 0.6 ला 60 माणसांची पॉवर 80 नव्हे, 72 टक्क्यांच्या आसपास राहते. पायलटच्या 10 जणांचे मूळ आकडे मागवले, तर 12 कशाचा आहे हे लगेच कळेल. ρ चा अंदाज मात्र त्या 10 जणांवरून काढू नये. तो σ पेक्षाही जास्त डळमळीत निघेल.